विषामृत, पिशवीसह: तिसरी-चौथीच्या वर्गासाठी नियमांची सध्याची घडण

नेहमीच्या विषामृतात हळू पळणाऱ्या मुलाची दोन्हीकडून अडचण होते. राज्य त्याच्यावर आलं तर त्याला कोणी सापडत नाही, आणि पळताना तोच पहिला ‘विष’ होऊन उभा राहतो. अमृत द्यायला धावतात ते आपापल्या मित्रांकडे, त्यामुळे बुजरं मूल डावभर तसंच उभं. कच्चा लिंबू करणं हा उपाय शाळेच्या तासाला आम्ही पूर्ण सोडला आहे, कारण कच्चा लिंबू कोण हे साऱ्या वर्गाला कळतं आणि त्याच्या धावण्याला कोणी मोजत नाही.

सध्याची घडण 24 मुलांसाठी आहे. मैदान 15 बाय 12 मीटर, चार कोपऱ्यांना कोन. तिघांवर राज्य, त्यांच्या दंडाला रंगीत रुमाल. मैदानात कापडाच्या चार पिशव्या. राज्य असलेल्याने पाठीला किंवा खांद्याला हात लावला की ‘विष’, जागीच उभं राहायचं आणि एक हात वर करायचा. ज्याच्या हातात पिशवी आहे त्याला कोणी विष देऊ शकत नाही, पण त्याने फक्त चालायचं. तो विष झालेल्याच्या हातात पिशवी देतो; तो सुटतो आणि आता पिशवी त्याची. देणारा पुन्हा पळायला मोकळा. ‘अमृत’ ओरडायची गरज नाही, पिशवी हातात पडली की झालं.

सगळं काम चालण्याच्या नियमावर होतं. पिशवी हातात असताना वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा आणि सगळ्यात सावकाश मुलगी एकाच वेगाने जातात. नुकतं सुटलेलं मूल पिशवीमुळे लगेच पुन्हा सापडत नाही, म्हणून एकाच सोप्या गड्याच्या मागे लागून उपयोग नसतो. बुजऱ्या मुलाला सुरुवातीलाच पिशवी द्या, पण चार पिशव्या वाटताना सहज दिल्यासारखी. नाव घेऊन नको.

डाव 90 सेकंदांचा, मग 30 सेकंद श्वास आणि राज्याची अदलाबदल. आठ डावांत तीन-तीन करून 24 जणांवर एकेकदा राज्य येतं आणि सोळा मिनिटं लागतात. तिघांची निवड चकून किंवा हात वर करायला सांगून करू नका, तेच ते चेहरे पुढे येतात. हजेरीच्या क्रमानेही तीन हळू मुलं एकत्र येऊ शकतात. त्रिकुटं आदल्या दिवशी कागदावर लावून ठेवा, प्रत्येकात निदान एक पळणारा हवा.

बिघडतं ते बहुतेक पिशवीपाशी. काही मुलं सुरक्षित राहायला ती धरून फिरतात; त्यासाठी नियम असा की वर केलेला हात दिसला की सरळ त्याच्याकडे चालायचं, आणि एकही हात वर नसेल तर पिशवी जिथे असाल तिथे खाली ठेवायची. मैत्रिणीलाच द्यायची सवय ‘सगळ्यात जवळचा हात’ म्हटल्यावर मोडते. फेकाफेकी सुरू झाली की चालण्याचा नियम आपोआप मरतो, म्हणून फेकलेली पिशवी बाद, ती शिक्षकाकडे.

शिट्टी वाजली की वर असलेले हात मोजा. पाच ते आठ असले तर डाव नीट बसला. निम्म्याहून जास्त मुलं उभी असतील तर एक पिशवी वाढवा. तीनच्या आत असतील तर राज्य घेणाऱ्यांचा दम जातोय. लांबी दोन मीटरने कमी करा, पळणाऱ्यांना ओरडू नका.

पिशवी जुन्या जीन्सची, शिवल्यावर 12 सेंटिमीटर चौकोनी, कडेला दुहेरी शिलाई. आत सुमारे 100 ग्रॅम वाळवलेले चिंचोके, दोन तृतीयांश भरेल एवढेच. गच्च भरली तर लहान मुठीत बसत नाही, निसटते. तांदूळ-मूग घालू नका, ठाण्याच्या पावसाळी हवेत पोरकिडे होतात.

घोडबंदर रोडच्या बाजूला बऱ्याच आवारांत मातीऐवजी पेव्हर ब्लॉक आहेत, ओले झाले की पाय सटकतो. जून ते सप्टेंबर हाच खेळ सभागृहात 10 बाय 8 मीटरवर सगळ्यांनी चालत खेळायचा. टाचेला अंगठा लावत चालायला लावलं तर राज्य घेणाऱ्यालाही पळता येत नाही. या रूपात हळू मुलं बरोबरीने पकडतात, आणि खरं सांगायचं तर आम्हाला हेच जास्त आवडू लागलं आहे. सीमेला दोरी मात्र नको, पाय अडकतो. खडूची रेघ पुरते.

पुढे 40 मुलांचा वर्ग घ्यायचा आहे. मैदान 20 बाय 15, राज्य पाच जणांवर, पिशव्या सात, डाव आठच. एवढ्या गर्दीत वर केलेला हात मागच्यांना दिसत नसेल, तर विष झालेल्यांनी डोक्यावर टाळी वाजवत राहायचं, असा बदल करून पाहणार आहोत.