नवी बॅटरी, तरी पिक्-पिक्

इमारतीच्या देखभालीचं काम करताना एकाच तक्रारीसाठी एकाच घरी दोनदा जावं लागलं की चूक बहुधा आपलीच असते. त्या स्मोक डिटेक्टरच्या बाबतीत ती माझीच होती.

काकूंनी नऊ व्होल्टची बॅटरी बदलली होती. एकदा नाही, दोनदा. तरी दर चाळीसेक सेकंदांनी 'पिक्' चालूच. मी शिडीवर चढलो, बॅटरी मीटरला लावली. 9.4 व्होल्ट, म्हणजे तिच्यात खोट नव्हती. मग क्लिप बघितली. तिची एक गोल पाकळी फाकून सैल झाली होती. बॅटरी दिसायला बसलेली, पण जराशी हलवली की सुटायची. पकडीनं पाकळी हलकेच आवळली, बॅटरी टक्कन बसली. तरी पिक्.

"आता?" काकू खालून म्हणाल्या.

हे डिटेक्टर घराच्या विजेवर चालणारं होतं, बॅटरी फक्त वीज गेल्यावर लागणारी. बॅटरी बदलली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरतो, आणि त्यावर सर्किट 'बॅटरी संपली' ही जुनी खूण धरून बसतं. म्हणून एमसीबी पाडला, मागचा प्लग काढला, बॅटरी काढली आणि टेस्टचं बटण वीसेक सेकंद दाबून धरलं. भोंगा चिरक्या आवाजात सुरू झाला आणि रडत रडत विझला. सगळं परत जोडलं. शांत. दहा मिनिटं थांबलो, टेस्ट केली, भोंगा खणखणीत वाजला. मी खुशीत निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन. "अरे, रात्री दोनपासून जागी आहे मी."

रात्रीचं ऐकून आधी बॅटरीचाच संशय आला. गारठ्यात बॅटरीचा व्होल्टेज थोडा उतरतो, त्यामुळे कमकुवत बॅटरीची कुरकुर बरेचदा पहाटे सुरू होते. पण ही तर नवी होती. डिटेक्टर उतरवून उलटं केलं आणि आदल्या दिवशी जे आधी बघायला हवं होतं ते तेव्हा बघितलं: मागच्या लेबलवरची उत्पादनाची तारीख. अकरा वर्षं झाली होती. या यंत्रांचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. धूर ओळखणाऱ्या कप्प्यात धूळ बसते, सेन्सर म्हातारा होतो, आणि बऱ्याच मॉडेलांत तेही यंत्र पिक् करूनच सांगतं.

"पण काल बटण दाबल्यावर वाजलं की!"

"काकू, बटणानं भोंगा आणि सर्किट कळतं. धूर खरंच ओळखेल का, याची खात्री त्यावरून होत नाही."

नवं बसवलं, मार्करनं कडेला तारीख लिहिली. जुनं टेबलावर पडलं होतं, बॅटरी काढलेलं, वायर सुटलेली. आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात तिकडून आवाज आला: पिक्.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी कप ठेवला आणि बटण दाबून धरलं.