फाउंडर प्रोफाइलच्या अडीचशे शब्दांत गेलेले सात आठवडे

उदगीरला आमची पाच जणांची कंपनी आहे. गोदामात पोत्यांच्या थप्पीत खुपसायचा सेन्सरचा दांडा आम्ही बनवतो, थप्पी आतून तापायला लागली की गोदामवाल्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. सोयाबीन ओलसर राहिलं तर आतल्या आत गरम होतं, बुरशी धरतं, आणि बाहेरून पोतं मात्र चांगलंच दिसतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं, पुढच्या सीझनला तोच भाव परत येईल म्हणून आमच्या घरी माल ठेवला आणि खालच्या थरातली पोती काळी पडली. तिथून हे सुरू झालं.

नव्या कंपन्यांना पैसे आणि मदत देणाऱ्या एका इनक्युबेटरमध्ये निवड झाली. अर्ज, प्रेझेंटेशन, करार हे सगळं दहा दिवसांत उरकलं, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. अडकलं ते शेवटच्या कागदावर, फाउंडर प्रोफाइल, अडीचशे शब्द. हेच प्रोफाइल त्यांच्या वेबसाइटवर जाणार, तेच गुंतवणूकदारांच्या फाइलमध्ये आणि तेच नोकरभरतीच्या जाहिरातीत. म्हणजे पैसे लावणारा, नोकरीला येणारा आणि दांडा विकत घेणारा, तिघंही तेच वाचणार.

पहिल्यांदा मी तिघांसाठी तीन पॅरेग्राफ लिहिले. असं करू नका. आमचे दांडे वापरणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या चेअरमनना वाचायला दिलं तर ते बाजारपेठ किती कोटींची आहे त्या ओळीवर थांबले आणि फोन खाली ठेवला, त्यांच्या कामाचं खाली होतं तिथपर्यंत गेलेच नाहीत. इनक्युबेटरकडून ते "व्हिजन दिसत नाही" म्हणून परत आलं. दुसऱ्यांदा लिहिलं, परत तेच वाक्य. नेमकं काय हवंय ते कोणी सांगेना, फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. शेवटी त्यांच्याच माणसानं लिहून पाठवलं की आम्ही १०,००० शेतकऱ्यांचं आयुष्य बदललंय. आकडा कुठून आला तर आमचे सेन्सर ज्या ९ शेतकरी कंपन्यांकडे आहेत त्यांच्या सगळ्या सभासदांची बेरीज! मी कंटाळले होते, हो म्हणलं, आणि ते वेबसाइटवर चढलं.

त्याच आठवड्यात तीन फोन आले. पहिला त्याच चेअरमनांचा, "ताई, आमचे सभासद तुमी तुमच्या खात्यात कवा धरले? आमच्याकडं तर दोनच दांडे हायेत." दुसरा पुण्याच्या एका गुंतवणूकदाराचा, दहा हजारातले पैसे देणारे किती? मी म्हणलं सहा गोदामं. त्यानंतर त्यांनी प्रत्येक बिल आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवायला मागितलं, पहिल्यापासून खरं लिहिलं असतं तर एवढी खोलात जाऊन तपासणी झाली नसती असं मला आजही वाटतं. तिसरा संभाजीनगरचा एक इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा, जो मला खरंच हवा होता. त्यानं विचारलं, एवढे ग्राहक आणि फील्डवर माणसं किती? दोन. त्याला वाटलं आपण दिवसभर तक्रारी सोडवत फिरणार, त्यानं नाही म्हणून सांगितलं.

एकाच वाक्यानं तिघं लांब गेले. मग मी ते वाक्य घेऊन बसले. नवीन असं लिहिलं: उदगीर आणि अहमदपूर तालुक्यांतल्या ९ शेतकरी कंपन्यांच्या १४ गोदामांत आमचे सेन्सर आहेत, ६ गोदामं वर्षाचे पैसे भरून वापरतात, ८ चाचणीवर आहेत. आता बघा, गुंतवणूकदाराला पैसे देणारे आणि फुकटचे वेगळे दिसतात. गोदामवाल्याला कळतं की शेजारच्या तालुक्यात हे चालू आहे, जाऊन बघता येईल. नोकरीला येणाऱ्याला कळतं की १४ ठिकाणं आहेत, दहा हजार नाहीत. वाक्य एकच, कोणाशी खोटं नाही.

दुसरी ओळ त्याहून जास्त भांडणाची. मी लिहिलं होतं की दांडा जिथं खुपसलाय तिथलंच तापमान सांगतो. धान्यातून उष्णता फार हळू सरकते, त्यामुळं थप्पीच्या दुसऱ्या टोकाची पोती तापली तर कळायला उशीर होतो, म्हणून मोठ्या थप्पीला जास्त दांडे लागतात. इनक्युबेटर म्हणालं हे नकारात्मक आहे, काढा. मी काढलं नाही. त्यांनी प्रोफाइल अडवून ठेवलं, आणि ते अडलं म्हणून त्यांच्याकडून येणाऱ्या पैशाचा पहिला हप्ताही अडला, तीन आठवडे! पगार मी घरच्या पैशातून दिले. हे मला अजून विसरता येत नाही, कारण त्या ओळीत काहीच चूक नव्हती. गोदामवाला तीच ओळ वाचून विचारतो की माझ्या थप्पीला किती दांडे घेऊ, म्हणजे विक्रीचं बोलणं तिथूनच सुरू होतं. आणि आम्ही लपवलं असतं तर पहिल्या पावसाळ्यात दुसऱ्या टोकाचा माल खराब झाल्यावर त्याला कळलंच असतं. शेवटी मी ग्राहकांपैकी तीन चेअरमनना मजकूर पाठवला आणि त्यांचं "बरोबर हाय" असं मेसेजमध्ये आलेलं उत्तर जोडून दिलं, तेव्हा फाइल हलली.

त्या संभाजीनगरच्या मुलालाही मी नवीन मजकूर पाठवला. त्यानं थप्पीच्या दुसऱ्या टोकाची ओळ धरून परत फोन केला, एकाच दांड्यावर कमी-जास्त खोलवर तीन सेन्सर का नाही लावत म्हणून. जूनपासून तो आमच्याकडं आहे.

एक सांगायचं राहिलं, हे आधीच सांगायला हवं होतं. आमच्या पहिल्या मसुद्यात शेवटी "आम्ही दोन कोटी उभे करतोय, इच्छुकांनी संपर्क करावा" असं होतं. आमच्या सीएंनी बघितल्याबरोबर काढायला लावलं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ प्रमाणं प्रायव्हेट प्लेसमेंटनं शेअर देताना त्याची जाहिरात लोकांमध्ये करता येत नाही. प्रोफाइल गुंतवणूकदार वाचणार हे खरं, पण उघड्या वेबसाइटवर शेअर घ्यायला बोलवायचं नाही, ते बोलणं ज्यांना रीतसर ऑफर पाठवली त्यांच्याशीच.

तसंच डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या उद्योग विभागाच्या मान्यतेचं. ती कंपनीला स्टार्टअप म्हणून मिळते, यंत्राला नाही. "सरकारमान्य सेन्सर" असं लिहिलं की शेतकऱ्याला वाटतं यंत्र सरकारनं तपासलंय. आम्ही नुसतं "डीपीआयआयटी मान्यताप्राप्त स्टार्टअप" लिहितो आणि तेही कंपनीच्या माहितीत, यंत्राच्या शेजारी नाही.

आणि घरच्या काळ्या पडलेल्या पोत्यांची गोष्ट मी दोनच ओळींत ठेवली. आधी ती अर्धं प्रोफाइल खात होती. ती वाचून गोदामवाल्याला आपलं माणूस वाटतं एवढं तिचं काम, गुंतवणूकदाराला त्यापुढं १४ आणि ६ हेच बघायचं असतं.

आता प्रोफाइलखाली मी तारीख टाकते, "३१ मार्चपर्यंतची माहिती", आणि दर तीन महिन्यांनी आकडे बदलते. कारण जुना दहा हजारवाला मजकूर इनक्युबेटरच्या वेबसाइटवर अजून आहे. दोन मेल केले, उत्तर नाही. नवीन कोणी भेटलं की मी आधीच सांगते की तिथला आकडा आमचा नाही, आणि तारखेचा कागद पाठवते.