३० सेकंदांच्या लिस्टिंग व्हिडिओची स्क्रिप्ट: माझा अनुभव

मी कॅनव्हासच्या टोट बॅगा शिवून ऑनलाइन विकते. फोटो चांगले होते, वर्णनात मापंही लिहिलेली होती, तरी मेसेज यायचेच, "लॅपटॉप बसेल का", "कापड पातळ आहे का", "पावसात चालेल का". म्हणून लिस्टिंगला ३० सेकंदांचा व्हिडिओ टाकायचं ठरवलं, पण कॅमेरा हातात घ्यायच्या आधी जुने सगळे मेसेज आणि रिटर्न केलेल्या लोकांनी दिलेली कारणं वाचून काढली. स्क्रिप्टचा क्रम तिथूनच मिळाला, जे सगळ्यात जास्त विचारलं जातं ते पहिलं.

३० सेकंदांत न धावता बोलायचं तर माझे साधारण ५० ते ६० शब्दच बसतात, मोबाईलवर टायमर लावून मोठ्याने वाचून बघितलं की लगेच कळतं. त्यामुळे "नमस्कार", "आमची खास बॅग" वगैरे सगळं गेलं आणि पहिल्या तीन सेकंदांत थेट लॅपटॉप बॅगेत जाताना दाखवला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं मापाने. लॅपटॉपचे 15.6 इंच म्हणजे स्क्रीनचं तिरकं माप, त्याची खरी रुंदी साधारण 36 सेंटिमीटर असते. माझी बॅग सपाट ठेवली की 40 सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे कागदावर लॅपटॉप आडवा आरामात बसायला हवा ना? पण खाली 10 सेंटिमीटरचा तळ काढलाय, आणि तो तळ दोन्ही बाजूंचं पाच-पाच सेंटिमीटर खातो, म्हणून उघडून उभी केलेल्या बॅगेचा तळ 30 सेंटिमीटरच लांब राहतो आणि लॅपटॉप आडवा घातला तर खालच्या कोपऱ्यांत अडकतो. उभा मात्र मस्त जातो. विकत घेणाऱ्याला हवी असते ती ही माहिती, नुसतं "40 बाय 38" लिहून ती कधीच कळत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये "उभा बसतो" हा शब्दप्रयोग मुद्दाम ठेवला आणि तळाचं माप वेगळं सांगितलं.

मटेरियलला "प्रीमियम" हा शब्द टाळला, त्यातून काहीच कळत नाही. जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधल्या वजनाचा, आकडा वर्णनात आहेच, व्हिडिओत फक्त बॅगेच्या आत हात घालून खिडकीच्या उजेडासमोर धरला, बोटं आरपार दिसत नाहीत, एवढ्यावर कापडाची जाडी कळते. आणि बाहेरून पाण्याचे चार थेंब टाकले, ते कापडात शिरताना दिसू दिले. हे दाखवलं तर बॅग कोण घेणार असं घरात म्हणाले, पण वॉटरप्रूफ समजून घेतलेली बॅग परत येतेच, त्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

शेवटी स्क्रिप्ट ही झाली:

"15.6 इंची लॅपटॉप यात उभा बसतो. वर चेन नाही, बटण आहे. सपाट ठेवली तर रुंदी 40 सेंटिमीटर, तळ 30 बाय 10, उंची 38. पट्टा खांद्यावरून 28 सेंटिमीटर खाली येतो. कापड जाड सुती कॅनव्हास, आत अस्तर नाही. पाण्याने भिजते, वॉटरप्रूफ नाही. थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. पहिल्या धुण्यात थोडी आटते."

चेनचं वाक्य मैत्रिणीमुळे आलं. तिला व्हिडिओ म्यूट करून दाखवला, कारण बरेच जण आवाज बंद ठेवूनच स्क्रोल करतात, आणि संपल्यावर विचारलं आता तुला काय विचारावंसं वाटतंय, तर ती पटकन म्हणाली, "अगं, वरून बंद होते का?" म्हणून प्रत्येक वाक्यातला मुख्य आकडा किंवा शब्द स्क्रीनवरही टाकला, प्रत्येक वेळी किमान दोन-तीन सेकंद आणि फ्रेमच्या मधल्या भागात, कारण खालच्या पट्टीवर ॲपची बटणं येतात आणि तिथला मजकूर झाकला जातो.

शूट करताना फोन बॅगेच्या अगदी जवळ नेला की वाइड लेन्समुळे पुढचा भाग फुगतो आणि बॅग आहे त्यापेक्षा मोठी दिसते. मी दोन-अडीच मीटर मागे उभी राहून 2x झूमवर शूट केलं, आणि टेप बॅगेला चिकटवून समोरून धरली, तिरकी धरली की आकडा चुकीचा वाचला जातो.

आता लहान साइजची बॅग काढतेय, तिला हाच व्हिडिओ लावणार नाही, वेगळा करणार. रंग बदलला तर व्हिडिओ चालून जातो, माप बदललं की उत्तरं बदलतात, त्या बॅगेत तर 15.6 इंची बसतच नाही.