जायचं नाही अशा लग्नाची पत्रिका

“ताई, ज्या घराशी आमचं बिनसलंय त्याच घरातून लग्नाची पत्रिका आली. जायचं नाही हे ठरलंय. पण नाही कसं सांगू, की त्यांनाही लागू नये आणि गावातही चर्चा होऊ नये?”

आधी पत्रिका कशी आली ते पाहा. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत उत्तर कसं द्यायचं हे बरंचसं त्यावरच ठरतं. लग्नघरचा कर्ता माणूस स्वतः आला, दारातून परत न जाता आत येऊन बसला, बाईमाणसानं तुम्हाला हळदीकुंकू लावलं आणि जाताना “चूलबंद आहे बरं” असं सांगितलं, तर त्यानं आपल्याकडून जेवढं करायचं तेवढं केलं आहे. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, सगळ्यांनी तिकडेच जेवायचं. असं आमंत्रण मोबाईलवर दोन ओळी लिहून नाकारता येत नाही. तो चालत आला, तर तुमचं उत्तरही चालत गेलं पाहिजे, निदान तुमच्या आवाजात तरी गेलं पाहिजे. पत्रिका शेजारच्या पोराच्या हाती आली असेल किंवा नुसता फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल, तर एक फोन पुरतो. त्याहून जास्त केलं तर उगाच दाखवल्यासारखं होतं.

मग पत्रिकेच्या खालची नावं वाचा. विनीत म्हणून भाऊबंदांची रांग छापलेली असते आणि ती वयाच्या मानानं लागते. तुमचं नाव त्या रांगेत असेल तर तुम्ही पाहुणे नाही, बोलावणाऱ्यांपैकी आहात. बोलचाल बंद असूनही समोरच्यानं ते नाव ठेवलं, म्हणजे चारचौघांत तुम्हाला वगळायचं नाही असं त्यानं ठरवलं. त्याची जाण ठेवूनच पुढचं बोलावं लागतं.

आमच्या घरी नेमकं असंच झालं. चुलत दिराशी धुऱ्यावरून वाद होता. दोघांच्या वावरांमधला धुरा दर पेरणीला थोडा थोडा सरकायचा. पुढे मोजणी झाली, तरी मोजणीच्या खुणेवरूनही दोन्ही घरांचं एकमत होईना. पण आम्ही दुरावलो ते जमिनीमुळे नाही. सासऱ्यांच्या तेरवीला, भरल्या पंगतीत, मेलेल्या माणसाच्या दानतीबद्दल जे बोललं गेलं ते ह्यांच्या मनातून गेलं नाही. ते आजही गेलेलं नाही, आणि ते जावं म्हणून मी कधी आग्रह धरला नाही. त्याच दिराच्या मुलीची पत्रिका आली. तो स्वतः घेऊन आला, चूलबंद सांगून गेला, आणि खाली ह्यांचं नाव होतं. हे म्हणाले, “मी त्या पंगतीत बसू शकत नाही.” हे खरं होतं आणि ते मान्य करून पुढचं सगळं ठरवायचं होतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. पत्रिका आल्यावर दोन-चार दिवसांत सांगून टाकावं, गडनेर, म्हणजे केळवणाची जेवणं, सुरू होण्याच्या आत. शेवटच्या आठवड्यात लग्नघरात आचारी, मांडववाला, वऱ्हाडाची गाडी, रुसलेले जावई असा सगळा कल्लोळ असतो. त्यात तुमचा नकार गेला की तो नकार म्हणून ऐकलाच जात नाही. ऐन वेळी कोंडीत पकडलं, एवढंच त्यांच्या लक्षात राहतं. लवकर सांगितलेला नकार पचवायला त्यांना वेळ मिळतो, आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं हेही त्यांना ठरवता येतं.

आपल्याकडे नकाराचे ठरलेले शब्द आहेत: बघू, जमलं तर येतो, कापूस वेचायचा आहे. दूरच्या ओळखीत ते चालतात, कारण दोन्ही बाजूंना अर्थ कळतो. बिनसलेल्या नात्यात मात्र “बघू” म्हटलं की समोरचा खरंच वाट पाहतो. लग्न लागायच्या आधी त्याची नजर मांडवाच्या तोंडाशी जाते, आणि तुम्ही आला नाहीत की ती वाट पाहणंच त्याला अपमानासारखं लागतं. खोटं कारणही देऊ नका. नागपूरच्या दवाखान्यात तारीख आहे म्हणून सांगाल आणि त्याच दुपारी तुम्हाला कोणीतरी दारव्ह्याच्या बसस्टँडवर पाहील. खेड्यात ही बातमी संध्याकाळच्या आत लग्नघरी पोचते. आजारपण आणि सुतक ही दोन कारणं तर तोंडातून काढूच नयेत, कारण त्यांची शहानिशा करायला माणसं प्रेमानं घरी येतात.

मग सांगायचं काय? येणार नाही हे सांगायचं, का येणार नाही हे सांगायचं नाही, आणि मुलीबद्दल मनात जे खरं आहे ते सांगायचं.

मी आधी दिराच्या आईकडे, आमच्या मोठ्या आईंकडे गेले. त्या घरातला कोणाचाही शब्द त्यांच्याकडून गेला की मऊ होऊन पोचतो. दुपारची वेळ निवडली, घरात पाहुणे नसतील अशी. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, “काहून वं? अजून तेच धरून बसला का तो?”

मी म्हटलं, “मोठ्या आई, त्या गोष्टीवर बोलायले मी आली नाही. पोरीचं चांगलं व्हावं एवढंच आमच्या मनात आहे. हे मांडवात येणार नाहीत, ते तुम्हाले आमच्या तोंडून कळावं म्हणून आली.”

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग चहा ठेवला. मीही तो पिऊन निघाले. अशा ठिकाणी चहा नाकारून उठलं तर बोललेलं सगळं पुसलं जातं.

त्याच संध्याकाळी ह्यांनी दिराला स्वतः फोन केला. हे काम बायकोवर किंवा तिसऱ्या माणसावर सोडू नये. तिसरा माणूस निरोप नेताना त्यात स्वतःचं मीठ घालतो. फोन फार तर दोन मिनिटांचा झाला. “भाऊ, तू घरी येऊन पत्रिका देली, माह्यं नाव ठेवलं, ते मले पोचलं. मी लग्नाले येणार नाही. आधीच सांगतो, म्हंजे तू वाट पाहू नको. पोरीले आमचा आशीर्वाद आहे, आन काही कमी पडलं त सांग.” पलीकडून “बरं” आलं आणि फोन ठेवला गेला. त्या “बरं”मध्ये राग होताच. तो असणार. राग येऊ नये यासाठी तुम्ही धडपडू नका. त्याच्या रागाला धरायला तुमच्याकडून एकही वावगा शब्द मिळू नये, एवढंच तुमच्या हातात आहे.

या फोनमध्ये जमिनीचं नाव निघता कामा नये. “आधी धुरा मोकळा कर, मग येतो” असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी लेकीच्या लग्नाला अट लावली असं गाव म्हणतं, आणि ते गाव विसरत नाही. काहींना उलटी भीती असते, की लग्नाला गेलो किंवा आहेर केला तर तहसीलमधली किंवा कोर्टातली बाजू कमजोर होईल. तसं काही होत नाही. कोणाच्या पंगतीत जेवल्यानं किंवा न जेवल्यानं सातबारा बदलत नाही. तेव्हा आहेर त्या भीतीनं अडवू नका.

आहेराचं मात्र नीट बसून ठरवा, कारण न येणाऱ्याचा आहेर जास्त निरखून पाहिला जातो. घरातली आहेराची जुनी वही काढा आणि तुमच्याकडच्या कार्याला त्या घरानं काय केलं होतं ते पाहा. आमच्या वहीत माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नात त्यांच्या नावापुढे 501 रुपये आणि एक साडी होती. त्याहून कमी केलं असतं तर सूड वाटला असता. पाच हजार दिले असते तर तो तोंडावर पैसे फेकल्यासारखा प्रकार झाला असता. मधल्या वर्षांत महागाई वाढली हे धरून आम्ही 1101 रुपये आणि मुलीसाठी साडी ठरवली. दिराच्या बायकोलाही साधंच लुगडं केलं, कारण तिकडूनही तसाच मान आला होता. पत्रिकेवर “कृपया आहेर आणू नये” असं छापलं असेल तर पाकीट देऊ नका, मुलीपुरतं काही तरी द्या.

हा आहेर लग्नाच्या दिवशी कोणाच्या हाती मांडवात पाठवू नये. तिथे वही घेऊन बसलेला माणूस नाव मोठ्यानं विचारतो, काही गावांत तर आहेर माईकवर पुकारतात, आणि “पाठवला आहे, आले नाहीत” हे सगळ्या मांडवाला ऐकू जातं. हळदीच्या आधी, शांत दिवशी, मुलीच्या हातात द्यावा. मी गेले तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला आणि “काका नाही येणार का?” असं विचारलं. मी “नाही बाई” म्हटलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला याहून जास्त सांगायची गरज नव्हती, तिचा त्या भांडणाशी संबंधच नाही.

घरातल्या बाकीच्यांना त्यांचं ठरवू द्या. माझी धाकटी आणि ती मुलगी एका वर्गातल्या. ती हळदीपासून तिकडे राहिली, आम्ही अडवलं नाही. नाव छापलेलं असताना घरातलं एक माणूस तरी मांडवात असणं मला गरजेचं वाटत होतं, आणि ती आनंदानं गेली म्हणूनच ते शोभलं. ढकलून पाठवलेलं पोरगं तोंड पाडून बसतं, त्यापेक्षा न पाठवलेलं बरं.

लग्नाच्या दिवशी तुम्ही कुठे असता हेही लोक पाहतात. पारावर गप्पा मारत बसू नका, त्याच दिवशी देवदर्शनाला जाऊन फोटोही टाकू नका. हे नेहमीसारखे वावरात गेले. मी घरी होते आणि दार उघडं ठेवलं होतं, कारण मारुतीकडे जाणारी नवरदेवाची वरात आमच्या गल्लीतून जाते. दारात पाण्याचा माठ आणि गिलास ठेवले. वऱ्हाडातल्या दहा-बारा जणांनी पाणी पिऊन घेतलं. लावलेलं दार वरातीतल्या प्रत्येकाला दिसलं असतं.

गावानं विचारलं तर सगळ्यांना एकच वाक्य सांगावं आणि घरातल्या सगळ्यांनी तेच सांगावं. आमचं होतं, “त्यांना आधीच सांगितलं आहे.” यावर पुढे विचारायला जागा राहत नाही, आणि दिराकडे चौकशी झाली तरी तिकडूनही तेच उत्तर जातं.

एका ठिकाणी मात्र मी हा सल्ला देत नाही. तुम्ही मुलीचे सख्खे मामा असाल तर. तिला बोहल्यापाशी आणायचं काम मामाचं असतं, तिथे दुसरा माणूस उभा राहिला की सगळ्या मांडवाला कारण कळतं आणि मुलीला ते जन्मभर आठवतं. तिथे तेवढ्या वेळापुरतं जा, मुलीला आणून उभी करा, मंगलाष्टकांना अक्षता टाका आणि जेवणाआधी निघा. बहिणीला ते आधी सांगून ठेवा, म्हणजे पंगतीत तुम्हाला शोधत कोणी फिरणार नाही.