सायकलच्या चाकाला वजन टांगून: चाकाचं 'वजन' 1.18 किलो भरलं

मागच्या नोंदीत चाक धाब्याच्या तुळईला टांगून झालं होतं. हे चाक फिरवायला किती जड जातं, म्हणजे त्याचं जडत्व आघूर्ण किती, ते मोजायचं होतं. आता त्याचे आकडे आलेत. चाक जुन्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलचं पुढचं आहे, टायर-ट्यूब काढलेलं. अॅक्सल दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टीत घट्ट आवळलाय. रिमच्या खाचेत जाड शिवणदोरा गुंडाळायचा, टोकाला किराणा दुकानातली वजनं बांधायची, सोडायचं आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये वेळ मोजायची. खाचेच्या तळापर्यंतची त्रिज्या R 0.31 मीटर आली. वजन खाली येण्याचं अंतर 1.5 मीटर ठेवलं. चाकाचा घेर 1.95 मीटर आहे, म्हणजे दोऱ्याचा एक वेढाही पूर्ण होत नाही. दोऱ्यावर दोरा चढला की त्रिज्या बदलते, ती भानगडच उरत नाही. खाली वाळूची पिशवी ठेवली आहे, नाहीतर फरशी फुटली असती.

मोजायच्या आधी एक काम अजिबात टाळू नका. चाक हलकं फिरवून सोडा आणि कुठे थांबतं ते पाहा. माझं चाक दर वेळी रिमचा सांधा खाली येऊनच थांबत होतं, थांबण्याआधी थोडं मागे-पुढे झुलतही होतं. म्हणजे तिथे माल जास्त. हे जास्तीचं वजन 10 ग्रॅम जरी धरलं तरी 0.31 मीटरवर ते 0.03 न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं, आणि बेअरिंगचं घर्षण त्याहून कमी निघालंय (पुढे येईलच). हे असंच सोडलं असतं तर वेळ दोरा कुठून सुटतो त्यावर ठरली असती. समोरच्या बाजूला नट चिकटवत गेलो, चाक कुठेही थांबायला लागल्यावरच दोरा गुंडाळला. शेजारचे काका डोकावून विचारत होते, "काय करी ऱ्हायना भो?" नट चिकटवतोय म्हटल्यावर हसत निघून गेले.

50 ग्रॅम टांगल्यावर 1.5 मीटरला 2.97 सेकंद लागले. 100 ग्रॅमला 2.06, 200 ला 1.49 आणि 400 ला 1.11. वेळेवरून त्वरण काढायचं: अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. 200 ग्रॅमचं उदाहरण पूर्ण करून दाखवतो. 3 भागिले 1.49 चा वर्ग, म्हणजे a = 1.35 मीटर प्रति सेकंद वर्ग. दोरा घसरत नाही, म्हणून रिमचा काठही त्याच त्वरणाने पळतो आणि चाकाचं कोनीय त्वरण α = a/R = 4.36 रेडियन प्रति सेकंद वर्ग. सरळ रेषेतली आणि फिरण्यातली गती इथे फक्त त्रिज्येने जोडलेली आहे.

आता टॉर्क. बरेच जण इथे वजन गुणिले त्रिज्या, mgR, असं लिहून मोकळे होतात. पण चाकाला वजन ओढत नाही, दोऱ्यातला ताण T ओढतो. वजन खाली त्वरणाने जातंय म्हणजे त्यावर खालच्या दिशेला निव्वळ बल आहे, म्हणजे दोरा वर जेवढं ओढतोय ते mg पेक्षा कमीच असणार.

```
T = m(g − a) = 0.2 × (9.8 − 1.35) = 1.69 N
τ = T × R    = 1.69 × 0.31        = 0.524 N·m
```

mg इथे 1.96 न्यूटन होतं, ताण 1.69 निघाला. 50 ग्रॅमला हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, 400 ग्रॅमला मात्र 25 टक्के.

सरळ रेषेतल्या F = ma चं फिरण्यातलं रूप τ = Iα. बलाच्या जागी टॉर्क τ, वस्तुमानाच्या जागी जडत्व आघूर्ण I, त्वरणाच्या जागी कोनीय त्वरण α. घर्षण धरलं तर τ = Iα + घर्षणाचा टॉर्क. म्हणून आडव्या अक्षावर α आणि उभ्यावर τ मांडला तर सरळ रेघ यायला हवी: तिचा उतार म्हणजे I, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो घर्षणाचा टॉर्क. चारही बिंदू एका रेघेत बसले. उतार 0.1135 किलो-मीटर वर्ग, छेद 0.024 न्यूटन-मीटर.

तेच बिंदू mgR घेऊन मांडून पाहिले. रेघ वर वळते, आणि ओढूनताणून सरळ केली तर उतार 0.158 येतो, म्हणजे चाक जवळजवळ 40 टक्के जड! छेद तर शून्याच्या खाली जातो. उणं घर्षण म्हणजे बेअरिंग स्वतःच चाकाला ढकलतंय. असा आलेख दिसला की बाकी काही तपासायच्या आधी ताणाचं सूत्र बघा.

I ला R² ने भागलं की 1.18 किलो येतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात कामाचा आकडा हाच. दोऱ्याच्या दृष्टीने चाक म्हणजे गुळगुळीत टेबलावर ठेवलेला 1.18 किलोचा ठोकळा. म्हणून त्वरण m भागिले (m + 1.18), गुणिले g, वर घर्षणाची थोडी वजावट. काट्यावर हेच चाक पावणेदोन किलो भरतं. आऱ्या अर्ध्या वाटेत आहेत आणि हब तर जवळजवळ मध्यावरच, त्यामुळे फिरण्यात त्यांचं वजन पुरतं मोजलं जात नाही.

पडताळणी दोन प्रकारे केली. एक, रिमवर समोरासमोर 200-200 ग्रॅमचे नटांचे गठ्ठे घट्ट बांधले, मध्यापासून 0.30 मीटरवर. हिशेबाने I त 0.036 ची भर पडायला हवी. 200 ग्रॅम टांगल्यावर वेळ 1.68 सेकंद आली, त्यावरून I 0.151 निघालं. भर 0.0375 ची. एवढ्या साधनात हे मला पुरे आहे, कारण वेळेत एक टक्का चूक झाली की त्वरणात दोन टक्के होते.

दुसरी पडताळणी घर्षणाची. दोऱ्याचं टोक बांधलेलं नाही, व्हॉल्व्हच्या भोकातल्या वाकड्या खिळ्यात नुसतं अडकवलंय, त्यामुळे वजन वाळूत टेकलं की दोरा निसटतो आणि चाक मोकळं फिरतं. 400 ग्रॅमच्या वेळी सुटताना वेग 8.7 रेडियन प्रति सेकंद होता, थांबायला 46 सेकंद लागले. त्यातून घर्षण 0.0215 येतं, आलेखातल्या 0.024 पेक्षा कमी. मोकळ्या चाकाच्या बेअरिंगवर टांगलेल्या वजनाचा भार नसतो, म्हणून कमी येणं पटतं. शिवाय आमच्याकडचा उन्हाळा माहीतच आहे. जळगावच्या दुपारी ग्रीस पातळ होतं आणि पहाटेच्या मानाने चाक सहज जास्त वेळ फिरतं. म्हणून एका आलेखातले सगळे बिंदू एकाच बैठकीत घ्यायचे.

भाराचा परिणाम वेगळा काढायला आता हबवर 5 सेंटिमीटर त्रिज्येचा पाइपचा तुकडा बसवतोय. त्यावरून 2 किलो टांगलं तर टॉर्क 400 ग्रॅमच्या जवळपासच राहील, पण बेअरिंगवरचा भार कितीतरी वाढेल. घर्षण 0.024 च धरलं तर 1.5 मीटरला 2.73 सेकंद यायला हवेत. इथे जवळपास पाच वेढे लागतील, ते एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी बसवावे लागतील. दोऱ्याची अर्धी जाडीही त्रिज्येत धरावी लागेल, कारण 50 मिलिमीटरमध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे एक टक्का. वेळ 2.73 पेक्षा ठळकपणे जास्त आली तर भाराने घर्षण किती वाढलं ते त्यावरून काढता येईल.