आधी वजन, मग जात

"निवृत्त झालेय, एकटीच राहते, फ्लॅट लहान आहे. पग घेऊ की शिह त्झू? कमी कटकटीचा कुत्रा सांगा ना."

दोन्ही नकोत. पगचं नाक चपटं, उकाड्यात त्याला धाप लागते, चेहऱ्याच्या घड्या पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात. शिह त्झूचे केस वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर गुंता कातडीपर्यंत जातो. आखूड केसांचा, लांब तोंडाचा, पाच-सहा वर्षांचा, दहा किलोच्या आतला मिश्र जातीचा कुत्रा बघा. हे सांगून झालं की पुढचा प्रश्न पुन्हा जातीचाच येतो. म्हणून वजनाचं एकदा नीट सांगते.

माझी लॅब्रॅडोर तीस किलोची होती. हे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. म्हातारपणी तिचे मागचे पाय गेले. आधी फरशीवर घसरायची, मग बसली की उठवेना. पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरली की मागचा भाग उचलला जातो आणि पुढच्या पायांवर ती चालते. घरात हे जमायचं, जिन्यात नाही. एका सकाळी ती उठलीच नाही. मी टॉवेल घालून ओढलं, माझी कंबर धरली, ती जागची हलली नाही. शेजारचा मुलगा कामावरून येईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो. घरात कधीही न करणाऱ्या तिला जागेवरच लघवी झाली आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं. माझी माया कमी पडली नव्हती. हात कमी पडले.

म्हणून सांगते, जेवढ्या किलोचा कुत्रा आणणार तेवढं धान्य पिशवीत भरा आणि जिना उतरून-चढून बघा. आताचा आठ किलोचा आहे. रात्री जुलाब झाले तेव्हा त्याला कडेवर घेऊन खाली गेले.

पिल्लूच लळा लावतं, असं मीही म्हणायचे. पण दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीसुद्धा. वाढलेल्या कुत्र्याचा स्वभाव आधीच दिसतो. निवारा केंद्राकडून काही दिवस घरी ठेवायला मागा. तो जरा रुळला की फोनवर रेकॉर्डिंग लावून अर्धा तास बाहेर जा. थोडं कुंईकुंई करून झोपला तर ठीक. अखंड भुंकला, दार ओरबाडलं, लाळेने जमीन ओली केली, तर एकट्या माणसाच्या फ्लॅटमध्ये तुमचेही हाल आणि त्याचेही.

वाढलेला आणला की सहवास कमी वर्षांचा, हे खरं आहे, आणि मला ते सलतं. पण लहान कुत्री बारा-पंधरा वर्षं जगतात. तेवढं माझं काय सांगावं? माझ्या मागे भाची सांभाळीन म्हणालीये. तिचं घर भाड्याचं आहे, आणि घरमालकाला कुत्रा चालेल का हे तिने अजून विचारलेलं नाही.