माग बंद पडला की जाग येते

जून-जुलैत सोलापुरात दोन गोष्टी ठरलेल्या: पाऊस हुलकावणी देणार आणि नव्या वर्गात पहिल्या दिवशी ओळखीचा कार्यक्रम होणार. सर फळ्याजवळ उभे राहतात, पहिल्या बाकाकडे बोट करतात आणि गाडी सुरू होते. "माझे नाव अमुक अमुक अमुक, राहणार जुळे सोलापूर, छंद वाचन आणि क्रिकेट." दुसरा उठतो, राहणार बाळे, छंद वाचन आणि क्रिकेट. सातव्या बाकापर्यंत पोचेस्तोवर कुणीतरी "छंद सेम, सर" म्हणून बसूनही घेतो. वर्ग हसतो. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी लक्षात राहिलेला असतो तो हा "सेम"वालाच.

चाळीस जणांचा वर्ग आणि प्रत्येकी वीस सेकंद धरले तर हा कार्यक्रम तेरा-चौदा मिनिटांत आटोपतो. तेवढ्यात चाळीस नावं, चाळीस गल्ल्या आणि ऐंशी छंद कानांवरून जातात. त्यातलं काय उरतं, हे बोलणाऱ्याच्या आवाजावर किंवा आत्मविश्वासावर फारसं अवलंबून नसतं. ऐकणारा त्या क्षणी काय करत असतो, त्यावर बरंच असतं.

आणि तो बहुधा ऐकत नसतो. ओळीत पाळी येणार असली की माणूस मनातल्या मनात स्वतःचं वाक्य घोळवत बसतो. माल्कम ब्रेनर या संशोधकाने 1973 साली हे तपासलं. ओळीने बसलेल्या लोकांना एकेक शब्द मोठ्याने वाचायला लावला आणि नंतर कुणाला काय आठवतं ते विचारलं. स्वतःच्या पाळीच्या आधीच्या साधारण नऊ सेकंदांत जे वाचलं गेलं, ते लोकांना फार कमी आठवलं. ते ऐकून विसरलं गेलं असं नाही, ते मुळात आत शिरतच नाही.

आता हे बाकावर बसवून बघा. तुम्ही वीस सेकंद बोलता. तुमच्यानंतर ज्याची पाळी आहे, त्याच्यासाठी तुमच्या बोलण्याचा उत्तरार्ध वाहून गेलेला असतो. रांग भराभर पुढे सरकत असेल आणि प्रत्येक जण चार-पाच सेकंदांत उरकत असेल, तर पुढच्या दोघांनाही तुम्ही ऐकू आलेले नसता. म्हणजे वर्षभर ज्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं, वही मागायची, डबा वाटून खायचा, त्यानेच तुमची ओळख सगळ्यांत कमी ऐकलेली असते. त्याची बिचाऱ्याची चूक नाही. तुम्हीही तुमच्या आधीच्याचं काही ऐकलेलं नसतंच. उपाय साधा आहे. कार्यक्रम संपला की दोन्ही बाजूंना वळून "गडबडीत नाव नीट ऐकलं नाही ओ" म्हणावं आणि आपलं पुन्हा सांगावं. समोरच्याला हायसंच वाटतं, कारण त्यालाही तेच विचारायचं असतं.

ओळख घेणाऱ्यालाही यात करण्यासारखं एक आहे: बाकांच्या क्रमाने जाऊ नये. हजेरीपटावर कुठेही बोट ठेवून नाव पुकारावं. पुढची पाळी कुणाची हे ठाऊक नसलं की ते नऊ सेकंद कुणा एकाच्याच वाट्याला येत नाहीत.

दुसरी अडचण नावाची. नाव ही लक्षात ठेवायला फार निसरडी गोष्ट आहे. 1987 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येकासोबत एक आडनाव आणि एक धंदा सांगितला. इंग्रजीत काही शब्द दोन्हीकडे चालतात. बेकर हे आडनावही असतं आणि पाव भाजणाराही बेकरच. शब्द तोच असला तरी धंदा म्हणून सांगितला तर लोकांना आठवला आणि आडनाव म्हणून सांगितला तर निसटला. आपल्याकडे हे समजायला सोपं आहे. "यांचं आडनाव सुतार" म्हटलं तर डोळ्यांसमोर काहीच येत नाही, कारण सुतार आडनावाचे गृहस्थ बँकेतही असतात आणि बस डेपोतही. पण "हे सुतारकाम करतात" म्हटलं की रंधा दिसतो, भुसा दिसतो, कानावर खोचलेली पेन्सिल दिसते. नाव टांगायला खुंटी लागते आणि ती खुंटी आपली आपणच द्यायची असते.

त्यात आपली पद्धत पूर्ण नाव सांगायची. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, एका श्वासात तीन शब्द. ऐकणाऱ्याने त्यातला कुठला धरायचा? शाळेच्या दाखल्यावर ते ठीक आहे, वर्गात हाक मारायचं नाव तेवढं आधी सांगावं. आडनाव कुणी विचारलं तर मग सांगता येतं, आणि विचारणारे विचारतातच.

सोलापुरात नावाची आणखी एक गंमत आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यामुळे वर्गात दोन-तीन सिद्धाराम आणि सिद्धेश्वर सहज निघतात. विणकरांच्या तेलुगू वस्तीतली मुलं असतील तर श्रीनिवास आणि व्यंकटेश यांना तोटा नाही. म्हणून एका श्रीनिवासाचीच ओळख बांधून बघू. राहणार पूर्व भागात, घरी टॉवेलचे माग. तो न ठरवता उठला तर म्हणतो:

"नमस्कार, मी श्रीनिवास. आमचा घरचा व्यवसाय आहे. मला वाचनाची, क्रिकेटची आणि फिरण्याची आवड आहे. मी मेहनती आणि मनमिळाऊ आहे. मला शेंगाचटणी खूप आवडते."

यात खोटं काही नाही, पण धरायलाही काही नाही. "व्यवसाय" हा शब्द दिसत नाही, ऐकू येत नाही. मनमिळाऊपणा सांगून पटत नाही, तो दिवाळीपर्यंत आपोआप कळतो. छंद तीन सांगितले, म्हणजे एकाने दुसऱ्याला ढकललं. आणि शेंगाचटणी? हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन बाईंनी 1933 साली दाखवून दिलं होतं की यादीत जी गोष्ट आजूबाजूच्यांहून वेगळी असते, ती जास्त लक्षात राहते. वेगळेपण त्या गोष्टीत नसतं, शेजाऱ्यांमुळे ठरतं. पुण्याच्या वर्गात "आमच्याकडे कडक भाकरी महिनाभर टिकते" म्हणणारा लक्षात राहील. सोलापुरात हेच बोललात तर मागून आवाज येईल, "आमच्याकडं काय मऊ हाय का बे?"

पुण्यातही नुसतं "मी सोलापूरचा, चादरींच्या गावचा" म्हणून भागत नाही, हे जाता जाता सांगायला हवं. त्याने सोलापूर लक्षात राहतं, माणूस नाही. दुसऱ्या दिवशी "ते चादरवाले कोण रे?" असा प्रश्न येतो.

तर श्रीनिवासने काय शोधायचं? व्यवसाय सोडून त्या व्यवसायाने आपल्या अंगाला लावलेली एखादी सवय शोधायची. घरात काय दिसतं, कसला आवाज येतो, बाहेरच्या माणसाला त्यातलं काय उफराटं वाटतं, एवढं स्वतःला विचारलं की सापडतं. त्याचं असं झालं:

"मी श्रीनिवास. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर टॉवेलचे चार माग आहेत. लहानपणापासून त्या खटखटीत झोपतो. त्यामुळे माग चालू असले की झोप लागते आणि वीज जाऊन माग बंद पडले की जाग येते. मी श्रीनिवास, पूर्व भागातला."

मोजून 34 शब्द. सावकाश बोललं तरी वीस सेकंदांत बसतात. नाव दोनदा आलं आहे, ते मुद्दाम. पहिल्यांदा नाव घेताना बाकं सरकत असतात, माना वळत असतात, त्यामुळे ते अर्ध्यांच्या हाती लागत नाही. मध्ये खुंटी ठोकली गेली की शेवटचं नाव तिच्यावर बसतं. पहिल्या "मी श्रीनिवास"नंतर एक श्वास थांबायचं. घाईत ते पुढच्या वाक्याला चिकटून जातं. "चार माग" असं नेमकं म्हटल्यामुळे खोली दिसते. "काही माग" म्हटलं असतं तर दिसली नसती. आणि मुख्य म्हणजे जाग येण्याचं वाक्य उलटं आहे. सगळी दुनिया आवाजाने उठते, हा शांततेने. त्यामुळे पोरांच्या डोक्यात लगेच प्रश्न येतो: मग परीक्षेला अभ्यास कुठं करतो हा? ओळखीतून एक तरी प्रश्न निघाला म्हणजे ती लागू पडली. "अरे वा" निघालं तर ती तेवढ्यावरच संपली.

याच्या आधी दोन श्रीनिवास बोलून गेले असतील, तर सुरुवात बदलायची: "मी तिसरा श्रीनिवास." एवढ्यानेच मागच्या बाकावरची डुलकी उडते.

हे बिघडतं कसं, तेही ठरलेलंच आहे. पहिली चूक म्हणजे टक्केवारी किंवा बक्षीस सांगणं. ते ऐकून लोक लक्षात ठेवत नाहीत, मनात स्वतःशी तुलना करू लागतात. दुसरी चूक घरातलं फार जड काही सांगणं. ते लक्षात राहतं खरं, पण नंतर हाक मारताना लोक बिचकतात. तिसरी चूक थट्टेची. हशा मिळतो, पण ओळखीतलं टोपणनाव वर्षभर चिकटतं, आणि सोलापुरात तर "काय बे" लावूनच चिकटतं. म्हणून जे सांगायचं, त्यावरून मार्चपर्यंत कुणी छेडलं तरी चालेल ना, हे घरीच ठरवून यावं. कागदावर लिहून वाचणंही नको. नजर खाली गेली की आवाजही खाली जातो आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचतच नाही. वाक्य तयार असावं, पण पाठ एवढंच असावं की पहिला आणि शेवटचा शब्द चुकणार नाही.

सोसायटीच्या किंवा कचेरीच्या बैठकीत हेच, फक्त एक शब्द कामाचा जोडायचा, म्हणजे नंतर तुमच्याकडे कशासाठी यायचं ते कळतं. ऑनलाइन बैठकीत नाव पडद्यावर लिहिलेलंच असतं. तिथे ते दोनदा सांगण्याऐवजी मागच्या तीन सेकंदांत वीज गेलेली नाही ना, एवढं बघावं.

ओळख जमली की नाही, हे त्या दिवशी कळत नाही. आठवड्याने वर्गाचा ग्रुप निघतो, नंबर साठवले जातात. आपल्या मोबाईलमध्ये नावं कशी असतात ते आठवा: राजू गॅस, मामा रिक्षा, काकी भाकरी. 1987 सालच्या त्या प्रयोगात जे दिसलं, ते आपण रोज करत असतो. श्रीनिवासने शेजारच्याचा मोबाईल हातात घेऊन आपला नंबर शोधला, तर तिथे त्याचं आडनाव नसेल. "श्रीनिवास माग" असं असेल. आणि रात्री दोनला वीज गेली, की कुणीतरी हमखास मेसेज टाकेल: "उठला का बे?"